गच्चीच्या कठड्यावरची दहा मीटर पट्टी: पाच ठिकाणी वीज आणि शंभर ओहमचा रेझिस्टर

या सणाला गच्चीच्या कठड्यावर नेहमीच्या माळांऐवजी प्रत्येक दिवा वेगळा चालवता येईल अशी एलईडी पट्टी लावायची, असं बरेच दिवस मनात होतं. कठडा दहा मीटरचा. पाच-पाच मीटरची दोन रिळं घेतली, डब्ल्यूएस२८१२बी जातीची, ५ व्होल्टवर चालणारी, मीटरला ६० एलईडी. म्हणजे एकूण ६०० दिवे. रोषणाई सण संपेपर्यंत नीट चालली. पण त्याआधीचा महिना, सव्वा महिना कसा गेला ते लिहून ठेवतेय, कारण या पट्टीबद्दलचे सल्ले तुकड्यातुकड्यांत मिळतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

सगळ्यात आधी आकडा काढला, तोच घाबरवणारा निघाला. या पट्टीतला एक एलईडी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग पूर्ण पेटवले की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो असं धरतात. ६०० ने गुणलं की ३६ अँपिअर. हा आकडा कागदावरचा आहे, प्रत्यक्ष पट्टी कमीच घेते, पण किती कमी ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक मीटरचा भाग दोन्ही टोकांनी जाड तारेने जोडला, पूर्ण पांढरा पेटवला आणि क्लॅम्प मीटर लावला. २.६ अँपिअर आले. दहा मीटरला २६. पट्ट्यांच्या वेगवेगळ्या खेपांत यात बराच फरक पडतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नका, आपल्याच पट्टीचा एक मीटर मोजा.

रात्री ६०० दिवे पूर्ण पांढरे पेटवले तर गच्चीवर उभं राहवणार नाही. तेव्हा कमाल २० अँपिअर अशी मर्यादा ठरवली आणि ५ व्होल्ट, ३० अँपिअरचा पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस मागवला. अशा पुरवठ्यांवर लिहिलेला आकडा तासन्‌तास ओढायचा नसतो. सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आत राहिलं की तो बेताचाच तापतो.

एसएमपीएस यायला वेळ होता. तेवढ्यात इमारतीच्या समितीकडे परवानगीचा अर्ज टाकला. समिती महिन्यातून एकदाच बसते, त्यामुळे हे काम शेवटी ठेवलं असतं तर सण निघून गेला असता. अर्जात मी सरळ ‘५ व्होल्ट, ३० अँपिअर’ लिहिलं होतं आणि तो लगेच शेरा मारून परत आला: एवढा विजेचा भार सामायिक मीटरवर चालणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं, घरातला अख्खा फ्यूज त्याहून लहान असतो. पण हे ३० अँपिअर ५ व्होल्टचे, म्हणजे सगळे मिळून १५० वॅट, आणि माझ्या मर्यादेत १०० वॅट. कपड्यांच्या साध्या इस्त्रीच्या दहाव्या हिश्श्याइतके. दुसऱ्या अर्जात फक्त वॅट लिहिले, सोबत तारा कुठून जाणार त्याचं रेखाचित्र, प्रत्येक शाखेला फ्यूज असल्याची ओळ आणि रात्री बंद करण्याची वेळ. तो मंजूर झाला. मेन्सच्या बाजूची जोडणी, अर्थिंगसह, परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायची अट होती. ती मी तशीही पाळलीच असती.

मंजुरीची वाट बघताना एसएमपीएस आला आणि मग खरी गंमत सुरू झाली. घरातल्या फरशीवर एक पाच मीटरचं रीळ उलगडलं, फक्त सुरुवातीच्या टोकाला वीज दिली आणि सगळं पूर्ण पांढरं केलं. पहिला मीटरभर पांढरं, पुढे पिवळसर, आणि शेवटाकडे चक्क नारिंगी-गुलाबी. मीटर लावत गेले: सुरुवातीला ४.९५ व्होल्ट, मध्यावर ३.५, शेवटी ३.

रंग बदलण्याचं कारण साधं आहे. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल २ व्होल्टवरही पेटतो. पट्टीतलं तांबं कागदासारखं पातळ असतं, त्यातून प्रवाह जाताना व्होल्टेज घसरतं, आणि आधी निळा दमतो, मग हिरवा. म्हणून पांढऱ्यातून पिवळा, पिवळ्यातून तांबूस. शेवटचे दिवे तांबूस दिसले की पट्टी खराब आहे असं समजून ती परत पाठवणारे भेटले आहेत. आधी मीटर लावा.

यात एक फसवी गोष्ट आहे. त्या वेळी पूर्ण पट्टी फक्त साडेपाच अँपिअर घेत होती. हिशेबाने १३ घ्यायला हवे होते. तो आकडा बघून ‘अरे, एवढ्यातच भागतंय’ असं वाटू शकतं. भागत नव्हतं, अर्धे दिवे उपाशी होते म्हणून आकडा लहान होता.

आता वीज किती ठिकाणी द्यायची? ‘दर इतक्या दिव्यांनंतर एक जोडणी द्या’ असे नियम पुष्कळ सापडतात, पण ते का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. आधी पट्टीच्या तांब्याचा रोध काढला. फक्त शेवटचे काही दिवे पेटवले, पट्टीतून जाणारा प्रवाह पाऊण अँपिअरच्या आसपास आला, आणि दोन टोकांमधली घसरणही पाऊण व्होल्टच्या आसपास. म्हणजे पाच मीटरला जाऊन-येऊन साधारण १ ओहम, मीटरला ०.२. मग एका टोकाने आणि दोन्ही टोकांनी वीज दिली तर सर्वात मोठी घसरण अशी येते:

```
एक टोक:    V = i × r × L² / 2
दोन टोकं:  V = i × r × L² / 8
```

इथे `i` म्हणजे एका मीटरचा प्रवाह, `r` मीटरचा रोध आणि `L` लांबी. महत्त्वाचं आहे ते लांबीचा वर्ग. पाच मीटरला एका टोकाने: २.६ × ०.२ × २५ भागिले २, म्हणजे ६.५ व्होल्ट. मुळात पाचच व्होल्ट आहेत, तेव्हा एवढी घसरण होऊच शकत नाही. त्याऐवजी दिवे मंदावतात आणि आपल्याला तो नारिंगी शेवट दिसतो. दोन्ही टोकांनी दिली की चौथा हिस्सा, १.६ व्होल्ट. मध्ये आणखी एक जोडणी दिली की प्रत्येक तुकडा अडीच मीटरचा होतो आणि घसरण पुन्हा चौथ्या हिश्श्यावर येते, ०.४ व्होल्ट. फरशीवर तपासलं: दोन्ही टोकांनी वीज दिल्यावर मध्यावर ३.५ व्होल्ट मिळाले, हिशेबापेक्षा किंचित बरे, कारण व्होल्टेज उतरलं की दिवे प्रवाहही कमी घेतात. तिसरी जोडणी दिल्यावर कुठेही ४.५ च्या खाली गेलं नाही आणि डोळ्यांना पट्टी एकसारखी पांढरी दिसली.

तर दहा मीटरला पाच जोडण्या: मध्यावर एक, दोन टोकांना दोन, आणि दोन्ही बाजूंच्या अर्ध्यावर एकेक.

हे ठरल्यावर डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. जिन्याच्या खोलीचं दार कठड्याच्या बरोबर मध्यासमोर उघडतं आणि आत कोरडं असतं. म्हणून एसएमपीएस, कंट्रोलर, फ्यूज, सगळं आत. तिथून कठड्याचा मध्य तीन मीटर. दोन्ही रिळांची सुरुवात मध्यावर ठेवली आणि ती दोन दिशांना पसरली. कोणत्या दिव्याने कोणता रंग दाखवायचा हे सांगणारा कंट्रोलरचा डेटा पट्टीत एकाच दिशेने वाहतो, बाणाची खूण छापलेली असते, आणि बाण दोन्हीकडे मध्यापासून बाहेर हवेत. अशाने डेटाची तार तीन मीटरच राहिली. एका टोकापासून सलग सुरू केलं असतं तर आठ मीटर ओढावी लागली असती.

पाचही जोडण्यांना डब्यापासून स्वतंत्र जोडी ओढली. एकच जाड जोडी कठड्यापर्यंत नेऊन तिथे वाटण्या करायचा मोह होतो, पण २० अँपिअर तीन मीटर न्यायचे तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतही पाऊण व्होल्टहून जास्त तिथेच जातो. वेगळ्या जोड्यांत हिशेब असा बसला: मध्यावर आणि दोन्ही अर्ध्यांवर पाच-पाच अँपिअर, टोकांना अडीच-अडीच. मध्याला आणि टोकांना १.५ चौरस मिलिमीटर, अर्ध्यांच्या साडेपाच मीटरच्या जोड्यांना २.५. प्रत्येकीत घसरण ०.३५ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान. ती भरून काढायला एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून ५.१५ व्होल्ट केले. त्याहून वर मी नेले नाहीत, कारण दिवे मंद असतात तेव्हा तारेत घसरण जवळजवळ नसते आणि तेवढंच्या तेवढं व्होल्टेज पट्टीवर येतं. या चिपची कमाल मर्यादा ५.३ च्या आसपास आहे.

खर्चाचं सांगायचं तर मला धक्का तारांनी दिला. पट्टीचा खर्च मनात धरलेला होता, पण तांब्याच्या तारा, फ्यूजधारक, कनेक्टर आणि एसएमपीएस मिळून पट्टीइतकाच खर्च झाला. रेझिस्टरची किंमत मोजायचीही गरज पडली नाही.

फ्यूजबद्दल थोडं सविस्तर, कारण पाच व्होल्ट आहेत म्हणून लोक तो गाळतात. ३० अँपिअरच्या पुरवठ्याला २० अँपिअर जाताना काहीच गैर वाटत नाही. पट्टीच्या मध्येच कुठे पाणी शिरून किंवा खिळा लागून शॉर्ट झाला, तर पट्टीच्याच तांब्याचा रोध अर्धा ओहम मध्ये असतो. प्रवाह दहा अँपिअरवर थांबतो, एसएमपीएस बंद पडत नाही, आणि पन्नास वॅट उष्णता त्या चिंचोळ्या पट्टीत साठत राहते. जोडणीचा स्वतःचा फ्यूज असेल तर तो जातो. आतल्या तीन जोड्यांना साडेसात आणि टोकांना पाच अँपिअरचे, गाडीतले पात्याचे फ्यूज लावले, धन तारेवर, डब्यातच.

डाग देताना एक सोय हाताशी आली: रिळावर दर अर्ध्या मीटरला कारखान्यातलाच सांधा असतो, तिथे तांब्याच्या चकत्या मोठ्या असतात. अडीच मीटरवरची जोडणी तिथेच दिली. फक्त धन आणि ऋण. मधली डेटाची चकती तशीच सोडायची. सिलिकॉनची नळी ब्लेडने उघडली, डाग दिला, वरून पुन्हा सिलिकॉन भरलं. हे सिलिकॉन न्यूट्रल जातीचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांबं खातं, आणि काही आठवड्यांनी सांधा हिरवा पडतो.

आता डेटाची तार. फरशीवर चाचणी घेताना कंट्रोलर पट्टीला खेटून होता, वीतभर तार, पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर. एकदाही बिघडलं नाही. तीच मांडणी तीन मीटरच्या तारेने जोडली आणि पहिल्या काही दिव्यांवर मधूनच हिरव्या-पांढऱ्या ठिणग्या उडाल्यासारखं दिसू लागलं, आणि कधी कधी पूर्ण पट्टीवर एका क्षणाचा भलताच रंग.

याला दोन वेगळी कारणं असू शकतात आणि दोन्हींचं दिसणं जवळपास सारखंच. पहिलं, पातळी. इएसपी३२ कंट्रोलर ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो, आणि या चिपला ‘एक’ ओळखायला स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट हवं असतं. ५.१५ चे ०.७ म्हणजे ३.६. आपण काठाच्या खालीच आहोत. जवळच्या तारेवर चालून जातं ते नशिबाने. दुसरं, परावर्तन. सिग्नलची कडा अतिशय तीव्र असते, ती लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला आदळून परत येते, मागेपुढे हेलकावे खाते, आणि चिप त्या हेलकाव्यालाच एखादा बिट समजते. एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद मिळतात. ‘शून्य’ आणि ‘एक’ यांच्यातला फरक ०.४ आणि ०.८ मायक्रोसेकंदांच्या उंच भागाचा आहे. एवढ्या बारीक अंतरात एक खोटी कडा पुरते.

कोणतं कारण आहे हे ओळखायची एक युक्ती: एसएमपीएसचा स्क्रू फिरवून पुरवठा तात्पुरता ४.६ व्होल्टवर आणा. उंबरठा ३.२ वर येतो. ठिणग्या पूर्ण थांबल्या तर रोग पातळीचा. माझ्याकडे बऱ्याच कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. म्हणजे दोन्ही.

पातळीसाठी ७४एएचसीटी१२५ ही चिप डब्यात बसवली. ती ५ व्होल्टवर चालते आणि ३.३ चा सिग्नल बिनचूक ओळखून पुढे ५ व्होल्टचा देते. एकाच चिपमध्ये चार दरवाजे, म्हणजे सिग्नलचे चार वेगळे मार्ग, असल्याने दोन्ही रिळांची सोय झाली. आता ठिणग्यांचं रूप पालटलं: पूर्ण पट्टी स्थिर झाली, पण प्रत्येक रिळाचा पहिला-दुसरा दिवा अधूनमधून लुकलुकायचा. ही चिप कडा आणखी तीव्र करते, त्यामुळे हेलकावाही वाढला होता.

आणि इथे रेझिस्टरची जागा. सल्ल्यांत दोन पंथ आहेत: ३०० ते ५०० ओहम, पहिल्या दिव्याजवळ, किंवा लहान किमतीचा, सिग्नल जिथून निघतो तिथे. वीतभर तारेवर दोन्ही चालतात, म्हणून दोन्ही पंथांचे लोक आपापलं बरोबर म्हणतात. लांब तारेवर फरक पडतो. जोडीने पिळलेल्या तारेची स्वतःची बाधा साधारण १०० ओहम असते. सुरुवातीलाच तेवढा रोध ठेवला की परत आलेली लाट तिथे शोषली जाते आणि पुन्हा उलटत नाही. दिव्याजवळच्या रेझिस्टरला ते जमत नाही. तो चिपमध्ये शिरणारा प्रवाह आवरतो, इतकंच. आणि ४७० ओहमचाच सुरुवातीला बसवला तर लांब तारेच्या धारकतेमुळे कडा गोलावते. तीन मीटरला खपून जातं, दहा मीटरला बिट एकमेकांत मिसळू लागतात.

मी चिपच्या दोन्ही दरवाजांपुढे डब्यातच १०० ओहमचा एकेक बसवला. डेटाची तार म्हणून नेटवर्क केबलची एकेक जोडी वापरली, एक तार डेटा आणि तिच्याभोवती पिळलेली दुसरी ग्राउंड. लुकलुकणं थांबलं. दिव्याजवळचे ३३० काढून टाकले, तरीही काही बिघडलं नाही. ग्राउंडची ही तार पट्टीच्या ऋण चकतीलाच, डेटाच्या शेजारी जोडायची. फक्त वीज देणाऱ्या जाड तारेच्या ग्राउंडवर विसंबलं तर तिच्यातली घसरण थेट सिग्नलमध्ये मिसळते.

रेझिस्टरचा आणखी एक उपयोग. कंट्रोलर चालू आणि पट्टीची वीज बंद असेल, तर बिचारा पहिला दिवा डेटाच्या तारेतूनच वीज ओढायला बघतो आणि त्यात जळतो. रेझिस्टर हा प्रवाह थोपवतो. तरी मी दोन्ही एकाच एसएमपीएसवर ठेवले, म्हणजे वेगवेगळे चालू करायचा प्रश्नच नाही. मध्यावरच्या जोडणीवर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावला, धन-ऋण बघून.

कंट्रोलरवर दिवे चालवणारं `WLED` हे सॉफ्टवेअर टाकलं. `LED Preferences` मध्ये ३००-३०० दिव्यांचे दोन आउटपुट दिले आणि एकावर `Reversed` ची खूण केली, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी लाट मध्यावर तुटत नाही. तिथेच `Enable automatic brightness limiter` मध्ये २० अँपिअर म्हणजे २०००० मिलिअँपिअर भरले. हे मोजमाप नसतं, अंदाज असतो: एका दिव्यामागे किती मिलिअँपिअर हे आपण सांगतो आणि तो त्यावरून चमक उतरवतो. म्हणून सुरुवातीचं ते एक मीटर मोजणं इथे कामी येतं. पूर्ण पांढऱ्यावर क्लॅम्प मीटरने साडेएकोणीसच्या आसपास दाखवलं, आणि कठड्यावर सर्वात कमी व्होल्टेज ४.४ मिळालं, टोक आणि अर्ध्याच्या मधोमध.

मंजुरी हातात आल्यावर चढवायला एक संध्याकाळ लागली, तीही बरीचशी क्लिपा बसवण्यात. पहिल्या रात्री तासाभराने प्रत्येक सांध्यावर आणि फ्यूजवर हात फिरवला. एक फ्यूजधारक बाकीच्यांपेक्षा गरम होता. त्यातला स्क्रू पुन्हा आवळला आणि तो इतरांसारखाच झाला. हे पहिल्याच रात्री करा, कारण ढिला सांधा रोज थोडा थोडा जास्त तापतो.

१२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ पट्टी का नाही घेतली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नव्याने घ्यायची असती तर मीही तीच घेतली असती. बारामधला अर्धा व्होल्ट गेला तर काही बिघडत नाही, आणि जोडण्या निम्म्याहून कमी लागतात. माझ्याकडे ५ व्होल्टची रिळं आधीच आली होती.

शेजारच्या कठड्यावरही पुढच्या वेळी हीच पट्टी वाढवायची असं ठरतंय. तेव्हा माझ्या एसएमपीएसवर आणखी ओझं टाकायचं नाही. दुसरा एसएमपीएस, दुसरे फ्यूज. दोन पुरवठ्यांच्या हद्दीवर पट्टीची धन चकती कापायची, नाहीतर किंचित जास्त व्होल्टेजचा पुरवठा दुसऱ्याचा भारही स्वतःवर ओढतो. ऋण आणि डेटा मात्र सलग ठेवायचे.